अंदाज कळवू नये

डॉ. यशवंतराव घागरे यांच्या डोळ्यांची ख्याती पांढुर्ण्यातच नव्हे, तर थेट सौसरपर्यंत होती. नवजात बाळाला कावीळ झाली, की ते त्याला खिडकीशी नेत, नाकाच्या शेंड्यावर अंगठा दाबत, मग छातीवर, मग पोटावर, मग तळपायावर. अंगठा उचलला की कातडीचा रंग क्षणभर उघडा पडतो. तो पाहून ते आकडा सांगत. "अकरा," म्हणत, नाहीतर "साडेतेरा." रक्तात बिलिरुबिन किती, हे प्रयोगशाळेने सांगायच्या आधी त्यांनी सांगितलेले असे, आणि नंतर प्रयोगशाळेतून चिठ्ठी येई ती त्याच आकड्याच्या आसपास. फार तर अर्ध्याचा फरक. नर्स लीलाबाई नव्या पेशंटच्या नातेवाइकांना हे कौतुकाने सांगे, आणि डॉक्टर ऐकूच न आल्यासारखे करून स्टेथोस्कोप पुसत बसत.

प्रयोगशाळा म्हणजे दवाखान्यापासून चार दुकाने सोडून भाऊराव सोमकुवरांच्या दोन खोल्या. भाऊराव सरकारी दवाखान्यात पंधरा वर्षे रक्त तपासून, मग स्वतःचे दुकान घालून बसलेले. डॉक्टर आणि ते जवळजवळ एकाच वर्षी गावात स्थिरावले. रोज अकराचा चहा दोघांचा एकत्र व्हायचा. डॉक्टरांची ठरलेली पद्धत होती: रक्ताची नळी पाठवताना सोबतच्या चिठ्ठीवर बाळाचे नाव, वजन आणि खाली 'अंदाज' असे लिहून आकडा. ही चिठ्ठी म्हणजे भाऊरावांना दिलेले आव्हान असे, निदान डॉक्टर तरी तसे समजत.

नोव्हेंबर पंच्याऐंशीतल्या एका सोमवारी सकाळी साडेआठला तिगावाहून पॅसेंजरने एक जोडपे आले. श्रावण तिगाव स्टेशनावर पॉइंट्समन होता, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा आणि गाड्यांना वाट करून देणारा. त्याची बायको पुष्पा, आणि तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला सात दिवसांचा मुलगा. बाळंतपण पुष्पाच्या माहेरी सौसरला झाले होते. पहिल्याच संध्याकाळी पोर पिवळे दिसू लागले, दुसऱ्या दिवशी जीप करून नागपूरला नेले. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी. आईच्या रक्तातून आलेली प्रतिद्रव्ये बाळाच्या तांबड्या पेशी फोडत होती, आणि फुटलेल्या पेशींतून पिवळा रंग साचत होता. चार दिवस बाळाला दिव्यांखाली उघडे ठेवले, डोळ्यांवर पट्टी बांधून. शनिवारी संध्याकाळी दिवे बंद केले. रविवारी दुपारी वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन बाळे झाली, तेव्हा यांना पत्र देऊन घरी सोडले.

ते पत्र श्रावणाने शर्टाच्या खिशात नव्हे, तर रेल्वेच्या खाकी पाकिटात घालून, पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणले होते. डॉक्टरांसमोर ते त्याने दोन्ही हातांनी ठेवले.

डॉक्टरांनी चष्मा लावला. नागपूरहून येणारी पत्रे त्यांना पाठ होती. नाव, आजार, 'सुधारणा झाली', आणि खाली कोंबडी पाय घासून गेल्यासारखी सही. हे पत्र तसे नव्हते. दोन पाने भरलेली. अक्षर इतके सुवाच्य, की ते डॉक्टरचे आहे यावर विश्वास बसू नये. आधी बाळाचे वजन, रक्तगट, दाखल होतानाचा आकडा सतरा, दिवे बंद करतानाचा दहा पूर्णांक चार. आणि त्यानंतर मथळा: 'बालरोगतज्ज्ञांसाठी पुढील सूचना.'

'दिवे बंद केल्यावर बिलिरुबिन पुन्हा चढू शकते. या बाळात पेशी फुटणे अजून थांबलेले नाही, म्हणून सोमवारी सकाळी रक्ततपासणी अवश्य करावी. बारापेक्षा कमी असल्यास अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा. बारा ते पंधरा असल्यास बारा तासांनी पुन्हा. पंधराच्या वर गेल्यास वाट न पाहता परत पाठवावे, आम्ही दिवे सुरू करू. वीसच्या घरात गेल्यास रक्तबदल करावा लागेल.'

इथपर्यंत डॉक्टर मान डोलवत होते. पुढच्या ओळीवर मान थांबली.

'एक. दिव्यांच्या उपचारानंतर कातडी फिकट होते, रक्त तसेच राहते. म्हणून कृपया रंगावरून अंदाज करू नये.

दोन. बिलिरुबिन उजेडात नासते. नळी काळ्या कागदात गुंडाळून पाठवावी आणि तपासणी होईपर्यंत सावलीत ठेवावी. खिडकीत ठेवू नये.

तीन. प्रयोगशाळेला आधी अंदाज कळवू नये.'

डॉक्टरांनी तिसरी सूचना दोनदा वाचली. मग पान उलटून सही पाहिली. सहीखाली स्वच्छ अक्षरांत नाव होते: डॉ. इंदू सोमकुवर, निवासी डॉक्टर, बालरोग विभाग.

भाऊरावांची इंदू. दोन वेण्या घालून बापाच्या प्रयोगशाळेत टेबलाखाली बसून गणिते सोडवणारी इंदू. तिला बारावीला प्राणिशास्त्राचे पुस्तक याच हातांनी दिले होते. मेडिकलला नंबर लागला तेव्हा पेढे पहिल्यांदा याच टेबलावर आले होते. आणि ती आता लिहिते, रंगावरून अंदाज करू नये. पेढ्यांची चव आठवून डॉक्टरांना जरा वाईट वाटले, आणि मग वाईट वाटण्यापेक्षा रागावणे सोपे म्हणून ते थोडे रागावले.

"आण त्याले इकडं," ते पुष्पाला म्हणाले.

त्यांनी बाळाला खिडकीशी नेले. कोवळ्या उन्हात पोर गव्हाळ दिसत होते, पिवळेपणाची फार तर एक झाक. नाक दाबले, छाती दाबली, पोट दाबले. पायापर्यंत जायची गरजच वाटली नाही. "नऊ," ते म्हणाले, आणि लीलाबाईने मान डोलावली.

श्रावण खुर्चीवर बसलाच नव्हता. तो खाकरला आणि म्हणाला, की कागदावर तपासणी करायला सांगितली आहे. पत्राच्या मागच्या बाजूला इंदूने आईबापासाठी मराठीत सगळे लिहून दिले होते, आणि ते श्रावणाने येताना गाडीत तीनदा वाचले होते.

तपासणी करणारच आहे, असे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी केलीही. बाळाच्या हातातून शिरेतले थोडे रक्त काढले, नळीत घातले, बूच लावले. काळा कागद शोधायला लीलाबाई निघाली, तर ते म्हणाले, चार दुकाने सोडून तर जायचे आहे, काळा कागद कशाला. आणि चिठ्ठी लिहिताना हात आपोआप चालला. बाळाचे नाव अजून ठेवले नव्हते म्हणून 'पुष्पाचा मुलगा', वजन दोन किलो आठशे, आणि खाली: अंदाज, नऊ. ते लिहून झाल्यावर पत्रातली तिसरी सूचना त्यांना आठवली. खोडावे की काय, असे एकदा वाटले. पण खोडणे म्हणजे त्या पोरीचे ऐकणे झाले असते. चिठ्ठी तशीच गेली.

लीलाबाई नळी घेऊन निघाली तशी तिच्या मागोमाग श्रावणही निघाला. डॉक्टरांना वाटले, बिडी ओढायला गेला असेल.

अकराला निकाल आला. भाऊरावांच्या बारीक अक्षरात: नऊ पूर्णांक दोन. डॉक्टरांनी ती चिठ्ठी टेबलावर अशी ठेवली, की समोरच्याला सरळ दिसावी. पुष्पाला समजावून सांगितले, की काळजीचे कारण नाही, बुधवारी पुन्हा आणा, अंगावर पाजत राहा. मनातल्या मनात ते नागपूरला पाठवायच्या उत्तराची भाषा जुळवू लागले होते. 'आपल्या सूचनांबद्दल आभार' इथून सुरुवात करावी, आणि शेवटी कुठेतरी तीस वर्षांच्या अनुभवाचा उल्लेख सहज यावा.

श्रावण हलला नाही.

"डॉक्टरसाहेब, एक बोलू का?"

"बोल ना."

"हा आकडा मले मान्य नाई."

लीलाबाईच्या हातातला कापूस तसाच राहिला. डॉक्टरांनी चष्मा काढला. तीस वर्षांत त्यांच्या आकड्याला नाही म्हणणारा हा पहिला माणूस, आणि तोही रेल्वेचा पॉइंट्समन.

श्रावणाचा आवाज चढला नाही. साहेबांपुढे ड्युटीचा अहवाल द्यावा तसे तो सांगत गेला. तो लीलाबाईंच्या मागे गेला होता. नळी साडेनवाला भाऊरावांच्या टेबलावर पोचली. भाऊराव दुसऱ्या कुणाची लघवी तपासत होते, म्हणून त्यांनी ती पूर्वेच्या खिडकीत, स्टँडमध्ये उभी करून ठेवली, रक्त लवकर गोठावे म्हणून. उन्हाचा पट्टा बरोबर नळीवर होता. पावणेअकरापर्यंत ती तिथेच होती. त्याने भाऊरावांना कागदावरचे सांगायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, तू बाहेर बस बाप्पा, काम करू दे.

"साहेब, आमच्या लायनीत डायवरले एक कागद देतेत," श्रावण म्हणाला. "अमुक किलोमीटरपासून अमुक किलोमीटरपर्यंत रूळ कच्चा हाय, गाडी वीसनं चालव. आता तो डायवर तीस वर्सं त्याच रुळावरून गाडी नेऊन राहिला असंल. त्याले दगड न् दगड ठाऊक असंल. पण कागद लिहिणाऱ्यानं काल रूळ पाहिला, अन् यानं नाई. म्हणून तो वीसनंच चालवते."

डॉक्टरांच्या जिभेवर उत्तर आले होते. पण तेवढ्यात पुष्पाने, जी सकाळपासून फक्त मान हलवत होती, हळूच सांगितले, की पोरगा पहाटेपासून दोनदाच प्यायला. काल रात्री नीट पीत होता. आता तोंड लावले की चार घोट घेतो आणि झोपतो. कानाची पाळी ओढली तरी उठत नाही.

उत्तर जिभेवरच विरले. डॉक्टर उठले. पोराला त्यांनी पुन्हा घेतले, पण या वेळी खिडकीशी नाही. टेबलावर निजवले, अंगावरचे सगळे काढले, पायाच्या तळव्यावर टिचकी मारली. पोर कुरकुरले आणि पुन्हा मिटले. रडले तेव्हा आवाज सरळ होता, किंचाळी नव्हती. मान मागे ताणत नव्हते. हात-पाय सैल होते पण लुळे नव्हते. कावीळ मेंदूपर्यंत तर गेली नाही, हे त्यांनी असे एकेक करून पाहिले. मग पापणी वर करून बुबुळाभोवतीचा पांढरा भाग बघितला. तो पांढरा नव्हता. कातडीने खोटे बोलावे आणि डोळ्याने चुगली करावी तसा तो हळदीसारखा दिसत होता. मघाशी ते पापणीपर्यंत गेलेच नव्हते. नऊचा आकडा इतका लवकर सुचला होता, की पुढे पाहायची गरजच पडली नव्हती.

त्यांना उजेडात उभे राहून लाज वाटली. बालरोगतज्ज्ञाला लाज वाटते तेव्हा ती चेहऱ्यावर दाखवता येत नाही, कारण समोर आई बसलेली असते. त्यांनी लीलाबाईला सुई द्यायला सांगितली.

"काळा कागद?" लीलाबाईने विचारले.

एक्स-रेच्या फिल्मचे रिकामे खोके कपाटावर होते. त्यातला काळा कागद डॉक्टरांनी स्वतः फाडला, नळीला तीन वेढे दिले, वर चिकटपट्टी लावली. चिठ्ठी लिहिताना नाव लिहिले, वजन लिहिले, आणि पेन खाली ठेवले. जिथे अंदाज असायचा ती जागा कोरी राहिली. कोरी जागा पाहून त्यांना विचित्र वाटले, दात पडल्यावर जीभ तिथे जावी तसे. मग नळी लीलाबाईकडे न देता ते स्वतः घेऊन निघाले. मागून श्रावण.

भाऊराव चहाचे आधण ठेवून बसले होते. यशवंतराव आज स्वतः नळी घेऊन आलेले पाहून ते उठले. डॉक्टरांनी नळी पुढे केली, पत्र पुढे केले, आणि दोन नंबरच्या सूचनेवर बोट ठेवले. भाऊरावांनी वाचले. मग तीन नंबर वाचली. मग सही वाचली. चहा उतू गेला तरी त्यांना कळले नाही.

"खिडकीत ठेवू नये," ते पुटपुटले. "लहानपणी याच खिडकीत बसायची ती. उन्हाळ्यात म्हणायची, बाबा, नळीतलं पिवळं पांढरं काऊन होऊन राहिलं? मी म्हणायचो, तू गणित कर."

त्यांनी काळा कागद न काढताच नळी गोठू दिली, कपाटाच्या आत ठेवली. मग खिडकीला जुनी चादर लावून, वरचा द्रव वेगळा केला. त्यात औषध मिसळले, रंग चढायची वाट पाहिली. रंग मोजायच्या यंत्राचा काटा थरथरत वर जाऊ लागला. डॉक्टर बाकावर बसले होते; इथे ते वर्षानुवर्षे रोज बसत, पण काट्याकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते. काटा एका जागी थांबत नव्हता. दोन रेघांमध्ये झुलत होता. ती झुलण्याची जागा एवढी रुंद होती, की तिच्यात दोन-तीन आकडे सहज मावले असते.

"भाऊराव," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "हा असाच हालते का नेहमी?"

"हालतेच ना. जुनं मशीन हाय."

"मंग आकडा कसा घेता?"

भाऊरावांनी यंत्रावरून डोळे उचलले नाहीत. म्हणाले, "तुमच्या चिठ्ठीवर असते ना. काटा आठ ते दहाच्या मंधात असला, अन् तुम्ही नऊ म्हणता. तुम्ही तर पोराले पाहिलं असते. मी नळी पाहिली असते. मले वाटे, तुमचंच खरं असंल."

डॉक्टरांना हसू आले, आणि ते हसू अर्ध्यावरच गिळावे लागले. तीस वर्षांची ख्याती त्यांच्या डोळ्यासमोर मांडीवर बसलेल्या मांजरासारखी उठली आणि निघून गेली. ते चिठ्ठीवर आकडा लिहीत होते आणि भाऊराव त्याच आकड्याला सजवून परत पाठवत होते. दोघांनाही वाटत होते की दुसऱ्याला पक्के ठाऊक आहे.

"आज तर अंदाज नाई," भाऊराव म्हणाले. "आज मी दोनदा लावतो."

दोनदा लावला, झुलणाऱ्या काट्याच्या दोन टोकांचा मध्य धरून. पहिल्यांदा सोळा पूर्णांक सहा. दुसऱ्यांदा सोळा पूर्णांक आठ. भाऊरावांनी दोन्ही आकडे लिहिले आणि खाली सही केली, जी ते सहसा करत नसत.

पत्रात पंधराच्या वर असेल तर काय करायचे, हे लिहिले होतेच. त्यामुळे पुढे कुणाला विचार करावा लागला नाही, आणि ते बरेच झाले. श्रावण स्टेशनाकडे धावला. दुपारी नागपूरकडे जाणारी गाडी तासाभरात होती. स्टेशनमास्तर ओळखीचा; त्याने गार्डच्या डब्याशेजारचा एक बाक बाई-लेकरासाठी रिकामा ठेवायची व्यवस्था केली. लीलाबाईने पुष्पाला सांगितले, की बाळाला गाडीत दर दोन तासांनी उठवून, पाय चोळून, जागे करून पाजायचे. पाणी किंवा साखरेचा बोळा अजिबात नाही. डॉक्टर टेलिफोन कार्यालयात जाऊन अर्जंट ट्रंक कॉल लावून बसले. वीस मिनिटांनी नागपूर लागले, आणि आणखी पाच मिनिटांनी वॉर्डातून धापा टाकत आलेली इंदू.

"काका? काय झालं?"

"तुझं पत्र मिळालं."

लाइनीची खरखर ऐकू येत होती.

"काका, मला वाईट वाटलं लिहिताना. मी तीनदा फाडलं ते पान. पण..."

"ते नंतर. सोळा पॉइंट आठ."

"अंदाज की..."

"तपासणी. दोनदा. काळ्या कागदात. अन् चिठ्ठीवर अंदाज नव्हता." त्यांनी एक श्वास घेतला. "सकाळी नऊ आलं होतं. ते धरू नको. का, ते लिहून पाठवतो."

इंदूने लगेच डॉक्टरी सुरात विचारले: पितो का, उठतो का, आवाज कसा, मान ताणतो का. त्यांनी एकेकाचे उत्तर दिले, परीक्षेतल्या मुलासारखे, आणि सगळी उत्तरे ठाऊक असल्याचे त्यांना मनापासून बरे वाटले. ती म्हणाली की दिवे तयार ठेवते, बी गटाचे नको, ओ गटाचे रक्त बघून ठेवते, लागले तर असावे. फोन ठेवण्याआधी तिने विचारले, बाबा कसे आहेत.

"तुझ्या बाबानं खिडकीले चादर बांधली," डॉक्टर म्हणाले. ती हसली की रडली ते लाइनीच्या खरखरीत कळले नाही.

गाडी यायला अर्धा तास होता. डॉक्टर दवाखान्यात येऊन पत्र लिहायला बसले. सकाळी जुळवलेली भाषा कुठल्या कुठे गेली होती. बाळाचे आकडे लिहून झाले. मग सकाळच्या नमुन्याचे लिहायचे होते. ते वगळता आले असते. नागपूरला त्याची काही गरज नव्हती, दुसरा आकडाच कामाचा होता. पण पुढचा माणूस चुकू नये म्हणून इंदूने तीनदा पान फाडले होते, आणि आपण एकदाही फाडायला तयार नसावे, हे त्यांना बरे वाटेना. त्यांनी लिहिले: 'सकाळचा नमुना सव्वा तास उन्हात राहिला. शिवाय मी प्रयोगशाळेला अंदाज कळवला होता. त्यामुळे नऊ पूर्णांक दोन हा आकडा चुकीचा समजावा. रंगावरून केलेला माझा अंदाजही नऊच होता.' शेवटचे वाक्य लिहिताना निब अडकले, शाईचा ठिपका पडला. तो तसाच राहू दिला.

श्रावणाने ते पत्र खाकी पाकिटात घातले आणि पाकीट पिशवीत.

नागपूरला आकडा संध्याकाळी सतरा पूर्णांक नऊपर्यंत चढला, तिथे थांबला, आणि दिव्यांखाली पहाटेपासून उतरू लागला. रक्त बदलावे लागले नाही. अडीच दिवसांनी दिवे बंद केले, आणि या वेळी चोवीस तास थांबून, तपासूनच सोडले. नवे पत्र एकाच पानाचे होते. त्यात लिहिले होते की पेशी फुटणे हळूहळू सुरू राहील, म्हणून सहा आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघावे, आणि कावीळीचा ऐकण्यावर परिणाम नाही ना, हे पाहायला तिसऱ्या महिन्यात कान तपासावेत.

श्रावण दर सोमवारी पॅसेंजरने पोराला घेऊन यायचा. तिसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चारपर्यंत उतरले, तेव्हा डॉक्टर दोन दिवस नीट जेवले नाहीत, आणि लीलाबाईने ते इंदूला कळवायची धमकी दिली. पाचव्या आठवड्यात आकडा वर आला. सहाव्या आठवड्यात पोरगा हातात आलेली स्टेथोस्कोपची नळी घट्ट धरून ठेवू लागला. त्याचे नाव प्रबोध ठेवले होते.

डिसेंबरच्या शेवटी इंदू चार दिवसांची सुट्टी घेऊन घरी आली. पहिल्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेलीच नाही. आईने विचारले तर म्हणाली, डोके दुखते. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरच सोमकुवरांच्या घरी आले, हातात कागद घेऊन. तिला वाटले, आता ऐकावे लागणार. कागदावर त्यांनी लाकडी मांडवाचे चित्र काढले होते: खाली पाळणा, वर सहा ट्यूबलाइट.

"दिवे पोरापासून किती उंच पाहिजेत?" त्यांनी विचारले. "नागपूरची वाट पाहायची नाई मले दर वेळी."

इंदूने पेन्सिल घेतली. दीड फूट, ती म्हणाली, पण हे दिवे इतके जवळजवळ नको, आणि ही फळी चुकली आहे. पाळण्यावर काचेसारखे पारदर्शक काही हवे, म्हणजे एखादी ट्यूब फुटली तर पोरावर पडू नये. आणि डोळ्यांवर पट्टी, आणि दर दोन तासांनी बाळ पालटायचे, आणि ताप मोजत राहायचा. ती सांगत गेली, तसतशा डॉक्टरांच्या चित्रावर रेघा पडत गेल्या. दोघांची डोकी इतकी त्या कागदात होती, की भाऊरावांनी आणलेला चहा थंड झाला.

सुतार नत्थूजींना चित्र दाखवले तेव्हा त्यांनी ते उलटे धरले आणि विचारले, लग्नाचा मांडव एवढा लहान कोणाच्या घरचा. समजावून सांगितल्यावर त्यांनी सागाची लाकडे निवडली, कोपरे गोल केले, आणि कुणी सांगितले नसताना दोन बाजूंना मोर कोरले. दिवे लागल्यावर मोर निळसर दिसत.

मार्चमध्ये त्या मांडवाखाली पहिले बाळ निजले. सौसरजवळच्या बोरगावची एक मुलगी, पाचव्या दिवशी आकडा साडेसतरा. दोन दिवसांनी तो अकरावर आला. दिवे बंद करून चोवीस तास थांबले, पुन्हा तपासले, दहा पूर्णांक सहा. मुलीला घरी सोडायचे ठरले, आणि पुढची तपासणी सौसरच्या डॉक्टरांकडे व्हायची होती. सौसरचे डॉक्टर यशवंतरावांपेक्षाही जुने, आणि त्यांच्या डोळ्यांचीही म्हणे ख्याती होती.

यशवंतराव पत्र लिहायला बसले. एक पान झाले, दुसरे सुरू झाले. लीलाबाईने दोनदा आत डोकावून पाहिले. बाहेर मुलीचा बाप बसची वेळ विचारत होता. डॉक्टरांनी लिहिलेले पान वाचले, फाडले आणि नवे घेतले. "जरा थांब म्हणा," ते म्हणाले. "हे नीट लिहायचं हाय. माणूस मोठा हाय, त्याले राग येईल असं नको, अन् कळलं नाई असंही नको."

बस एक सुटली. दुसरी तासाने होती.